पट्टीवर न उमटलेली रेघ: चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्या लघवीत किती दिवस दिसतात?



मागच्या महिन्यात दोन दिवसांसाठी गावी, निरगुडसरला गेले होते. मंचरला एसटीतून उतरते न उतरते तोच चुलतभावाचा फोन. त्याची चाकणच्या बाजूला एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायच्या कामासाठी निवड झाली होती आणि सकाळीच मेडिकल झालं होतं. आवाज पडलेला. "ताई, मी आयुष्यात तंबाखूची पुडीसुद्धा तोंडात धरली नाही, आणि ते म्हणतात तुझी ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आहे. पट्टीवर रेघच आली नाही म्हणे."

घरी गेल्यावर त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. प्लास्टिकचा कप, त्याच्या अंगावर पाच पट्ट्या. चार पट्ट्यांवर दोन-दोन रेघा. बीझेडओ लिहिलेल्या पट्टीवर एकच. बीझेडओ म्हणजे बेंझोडायझेपिन. मी विचारलं, "कुठली गोळी चालू होती का?" तो म्हणाला, "नाही गं. पित्ताची होती, ती पण चार दिवसांपूर्वी संपली. मेडिकलच्या फॉर्मवर 'औषधे चालू आहेत का' होतं, तिथं मी 'नाही' लिहिलं."

काकूंनी फडताळातली कॅरीबॅग काढली. तिच्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं, मेडिकलचं बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिलिग्रॅम, क्लिडिनियम २.५ मिलिग्रॅम. दिवसातून तीन वेळा, आठ आठवडे.

कोडं तिथंच सुटलं. क्लिडिनियम पोटाचे पेटके कमी करतं. क्लोरडायझेपॉक्साइड मात्र बेंझोडायझेपिन आहे, या कुळातलं बाजारात आलेलं सगळ्यात पहिलं औषध, १९६० सालचं. ताणामुळे पोट बिघडतं अशा रुग्णांना ही जोडगोळी देतात. घरात तिला "पित्ताची गोळी" हे नाव पडलं आणि तेच फॉर्मपर्यंत पोहोचलं, किंवा पोहोचलंच नाही.

माझं पीएचडीचं काम विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात, जैविक नमुन्यांमधली औषधं मोजण्याचं. त्यामुळे भावाचे तीन प्रश्न मला ओळखीचे होते. चार दिवस झाले तरी कशी दिसली? किती दिवस दिसते? आणि फॉर्मवर लिहिलं असतं तर काय फरक पडला असता? तुमच्यापैकी जे संशोधनाकडे वळणार आहेत त्यांच्यासाठी ही तीन उत्तरं नीट मांडते. कारण "अमुक औषध इतके दिवस दिसतं" हे वाक्य दिसतं तितकं सरळ नाही.

रेघ न येणं म्हणजे पॉझिटिव्ह

आधी पट्टी. साध्या प्रेग्नन्सी टेस्टमध्ये रेघ आली की पॉझिटिव्ह. इथं उलटं असतं, आणि याचं कारण चाचणीच्या रचनेत आहे.

पट्टीवर ठरावीक संख्येने अँटिबॉडी असतात, रंगीत कणांना चिकटवलेल्या. पुढे चाचणीच्या रेघेच्या जागी औषधाचे रेणू आधीच बसवलेले असतात. लघवीत औषध नसेल तर अँटिबॉडी वाहत पुढे जातात, त्या बसवलेल्या रेणूंना धरतात आणि रेघ रंगते. लघवीत औषध असेल तर ते वाटेतच अँटिबॉडीच्या जागा अडवतं. मंचरहून सुटतानाच एसटी भरली तर पुढच्या थांब्यावरच्या माणसाला जागा मिळत नाही, तसं. रेघेला धरायला मोकळी अँटिबॉडीच उरत नाही आणि रेघ उमटत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पट्टी "औषध आहे की नाही" असं सांगत नाही. ती "ठरवलेल्या हद्दीच्या वर आहे की खाली" एवढंच सांगते. बेंझोडायझेपिनसाठी ही हद्द बहुतेक वेळा लघवीच्या दर मिलीलिटरला ३०० किंवा २०० नॅनोग्रॅम असते. तिला कट-ऑफ म्हणतात. दुसरी, अँटिबॉडी एका विशिष्ट रेणूचा आकार ओळखायला घडवलेली असते. या कुळासाठी तो रेणू बहुधा ऑक्साझेपाम किंवा नॉरडायझेपाम असतो. बाकीची बेंझोडायझेपिनं त्या आकाराशी जितकी मिळतीजुळती, तितकी ती पकडली जातात. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गोळी एक, लघवीतले रेणू वेगळे

भावाने खाल्लं क्लोरडायझेपॉक्साइड. पण लघवीत मूळ औषध फार थोडं उतरतं. यकृत त्याचं टप्प्याटप्प्याने रूपांतर करतं. आधी नॉरक्लोरडायझेपॉक्साइड, मग डेमोक्सेपाम, मग नॉरडायझेपाम आणि शेवटी ऑक्साझेपाम. ऑक्साझेपामला ग्लुकुरोनिक आम्लाचा रेणू जोडला जातो, ते पाण्यात विरघळणारं होतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं.

यात कळीचा टप्पा नॉरडायझेपामचा. तो शरीरातून फार सावकाश जातो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ४० ते १०० तासांचं, काही लोकांत त्याहूनही जास्त. डायझेपामसुद्धा याच नॉरडायझेपाममधून जातं. म्हणून ही दोन्ही औषधं "लांब पल्ल्याची".

आता आकडेमोड करू. समजा, भावाच्या शरीरातल्या या रेणूंचं अर्धायुष्य ६० तास आहे. दर २४ तासांनी नवा डोस येतोय आणि आधीचा अजून निम्मासुद्धा गेलेला नाही, तर साठा वाढत जाणार. किती वाढेल, त्याचं सूत्र सोपं आहे:

```
R = 1 / (1 - 2^(-24/60)) ≈ 4.1
```

म्हणजे रोजच्या गोळ्यांनी काही दिवसांत एका दिवसाच्या डोसच्या चौपट साठा तयार होतो आणि तिथं स्थिरावतो. आठ आठवडे यासाठी भरपूर झाले. गोळी "संपली" तेव्हा पाकीट रिकामं झालं होतं, शरीर नाही.

पुढे, गोळी थांबवताना लघवीत या रेणूंचं एकूण प्रमाण मिलीलिटरला २४०० नॅनोग्रॅम होतं असं धरू. हा आकडा मी फक्त गणितासाठी घेतला आहे. किती तासांनी ते कट-ऑफच्या खाली जाईल?

```
t = 60 × log2(2400/300) = 60 × 3 = 180 तास
```

१८० तास म्हणजे साडेसात दिवस. चौथ्या दिवशी, ९६ तासांनी, प्रमाण सुमारे ७९० असेल, कट-ऑफच्या अडीच पटीहून जास्त. भावाची रेघ का उमटली नाही ते इथं कळतं. आता याच गणितात दोन गोष्टी बदलून बघा. अर्धायुष्य १०० तासांचं धरलं तर साडेसाताचे साडेबारा दिवस होतात. अर्धायुष्य ६० च ठेवून लॅबने कट-ऑफ ७५ घेतला तरीही साडेबारा दिवस. माणूस तोच, गोळी तीच, पण "किती दिवस दिसते" याचं उत्तर लॅबच्या हद्दीने बदललं.

शिवाय लघवी किती दाट आहे हेही आहेच. पहाटेची दाट लघवी आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावरची पातळ लघवी यांत प्रमाण तिपटीने वेगळं असू शकतं. ७९० चे २६३ झाले की पट्टीवर फिकट रेघ येणार. म्हणून चांगली लॅब प्रत्येक नमुन्यात क्रिएटिनिन मोजते. ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नमुना पातळ आहे अशी नोंद होते. भावाने मला विचारलंच होतं, "ताई, भरपूर पाणी पिऊन परत नमुना देऊ का?" मी म्हटलं, अजिबात नको. आत्ता तुझा प्रश्न एका औषधाचा आहे. पातळ नमुना दिलास की तो तुझ्या खरेपणाचा होईल.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत

आता बाकीच्या नेहमीच्या गोळ्या. खालचे दिवस ढोबळ आहेत, नेहमीचा डोस घेणाऱ्या प्रौढ माणसासाठी. वरचं गणित बघता ते ढोबळच असणार.

- डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड: एखादी गोळी घेतली तर काही दिवस. महिनोन्‌महिने रोज घेतली असेल तर दोन-तीन आठवडे, क्वचित त्याहून जास्त.
- अल्प्राझोलाम: अर्धायुष्य साधारण ११ तास. एक ते पाच दिवस.
- लोराझेपाम: अर्धायुष्य साधारण १२ तास. काही दिवस, पण साध्या पट्टीवर पुष्कळदा दिसतच नाही.
- क्लोनाझेपाम: पट्टीवर बेभरवशाचं. चांगल्या यंत्रावर एकाच डोसनंतरही दोन आठवड्यांहून अधिक काळ.
- झोल्पिडेम: एक ते तीन दिवस, तेही मुद्दाम शोधलं तर.

यातली दोन उदाहरणं थोडी उलगडून सांगते, कारण संशोधनाच्या दृष्टीने खरी गंमत तिथंच आहे.

पहिलं क्लोनाझेपामचं. आपल्याकडे ही गोळी खूप लिहिली जाते. तिचं अर्धायुष्य ३० ते ४० तासांचं, म्हणजे ती लघवीत बरेच दिवस राहायला हवी. राहतेही. पण मूळ रूपात नाही, ७-अमिनोक्लोनाझेपाम या रूपात. ऑक्साझेपामसाठी घडवलेली अँटिबॉडी या रेणूला पुष्कळदा नीट ओळखतच नाही. परिणामी रोज क्लोनाझेपाम घेणाऱ्या माणसाची पट्टी निगेटिव्ह येऊ शकते आणि त्याच नमुन्यात मास स्पेक्ट्रोमीटरला ते रेणू स्पष्ट दिसतात. लोराझेपामचं दुखणं वेगळं. ते लघवीत ग्लुकुरोनाइडला जोडलेलं उतरतं आणि तो जोड अँटिबॉडीच्या आड येतो. बीटा-ग्लुकुरोनिडेझ हे एन्झाइम घालून आधी तो जोड तोडला तर तोच नमुना पॉझिटिव्ह येतो. म्हणजे पट्टी निगेटिव्ह आली म्हणून "गोळी घेतलीच नाही" असं म्हणता येत नाही.

दुसरं झेड-गोळ्यांचं. झोल्पिडेम, झोपिक्लोन, एसझोपिक्लोन, झालेप्लॉन या झोपेच्या गोळ्या मेंदूत बेंझोडायझेपिनच्याच ग्राहकांवर काम करतात, पण त्यांची रासायनिक रचना वेगळी आहे. बीझेडओच्या पट्टीला त्या दिसत नाहीत. झोल्पिडेमचं अर्धायुष्य साधारण अडीच तासांचं. वरच्या सूत्रात ६० च्या जागी २.५ घालून बघा, R जवळजवळ १ येतो. रोज गोळी घेतली तरी साठा होत नाही. लघवीत मूळ झोल्पिडेम एक टक्क्याहूनही कमी उतरतं. त्यामुळे जी लॅब फक्त मूळ औषध शोधते तिला दुसऱ्या दिवशीच काही सापडत नाही. त्याचं कार्बोक्झिलिक आम्लाचं रूप शोधलं तर खिडकी सुमारे तीन दिवसांपर्यंत लांबते. झोपिक्लोनचं अर्धायुष्य पाच तासांच्या आसपास, आणि त्याला आणखी एक खोड आहे: नमुना नीट साठवला नाही तर अल्कधर्मी लघवीत ते बाटलीतच मोडतं. तेव्हा लॅब त्याचे तुकडे शोधते.

पट्टी कधी उलट्या दिशेनेही चुकते. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध बेंझोडायझेपिन नाही, पण काही इम्युनोअसे त्याला बेंझोडायझेपिन समजतात. औषधाच्या माहितीपत्रकातच तशी सूचना आहे. म्हणून पट्टीच्या निकालाला "पॉझिटिव्ह" म्हणण्याआधी पुष्टी चाचणी लागते.

पुष्टी चाचणीने काय सांगितलं

भावाच्या नशिबाने क्लिनिकने उरलेला नमुना सीलबंद ठेवला होता. तो लॅबकडे गेला. तिथं एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे आधी रेणू वेगळे करून मग त्यांच्या वस्तुमानाने आणि तुकड्यांनी ओळखायच्या यंत्रावर तपासला गेला. रिपोर्टमध्ये होतं: नॉरडायझेपाम आढळलं, ऑक्साझेपाम आढळलं, डेमोक्सेपाम आढळलं, टेमाझेपाम आढळलं नाही, अल्प्राझोलाम आणि ७-अमिनोक्लोनाझेपाम आढळलं नाही.

वाचायला कोरडी यादी. पण वरचा यकृतातला प्रवास आठवा, मग यादी बोलायला लागते. डायझेपाम घेतलं असतं तर नॉरडायझेपाम आणि ऑक्साझेपामबरोबर टेमाझेपामही दिसायला हवं होतं. ते नाही. डेमोक्सेपाम डायझेपाममधून तयार होत नाही, क्लोरडायझेपॉक्साइडमधून होतं. ते आहे. म्हणजे रिपोर्ट चिठ्ठीवरच्या औषधाशी जुळतो, आणि चिठ्ठीवर नसलेल्या कुठल्याही औषधाकडे बोट दाखवत नाही.

इथं पद्धतीचा एक बारकावा. हाच नमुना जुन्या जीसी-एमएसवर, म्हणजे तापवून वायुरूपात नेणाऱ्या यंत्रावर चालवला असता, तर डेमोक्सेपाम उष्णतेने मोडून त्याचं नॉरडायझेपाम झालं असतं. भावाच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा यंत्रानेच पुसून टाकला असता. पेपर वाचताना "पद्धत" हा भाग आपण भरभर उलटतो ना, तो असा महागात पडतो.

फॉर्मवर लिहिलं असतं तर?

आता तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

लघवीची चाचणी एकच गोष्ट सांगते: गेल्या काही दिवसांत हे औषध शरीरात गेलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की मित्राने दिलं, किती घेतलं, कधी घेतलं, आत्ता माणूस गुंगीत आहे का, यातलं काहीही ती सांगत नाही. ही पोकळी भरायला दुसरी माहिती लागते आणि ती माणसाकडूनच येते. चिठ्ठी जाहीर करायची ती यासाठी.

वेळही महत्त्वाची. नमुना देण्याआधी सांगितलेली गोष्ट ही माहिती असते. निकाल आल्यावर सांगितलेली तीच गोष्ट सबब वाटते. भावाने "नाही" लिहिलं होतं, त्यामुळे कंपनीच्या डॉक्टरांपुढे दोन प्रश्न उभे राहिले: औषध कुठून आलं, आणि हा खोटं का बोलला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठलंही यंत्र देऊ शकत नाही. तो खोटं बोलला नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. पण हे पटवायला नऊ दिवस, एक चिठ्ठी, एक बिल आणि एक रिपोर्ट लागला. तोवर त्याची जॉइनिंगची तारीख निघून गेली. पुढच्या महिन्याच्या बॅचला त्याला घेतलं. दरम्यान घरात काय वातावरण होतं ते सांगत नाही, गावात अशी बातमी किती लवकर पसरते ते तुम्हाला माहीत आहे.

पुरावा मात्र होता, कारण औषध रीतसर घेतलेलं होतं. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड, अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं आहेत. ती विकताना औषध दुकानदाराने डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवायचं असतं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची असते. चिठ्ठीशिवाय "ती झोपेची द्या दोन" म्हणून घेतलेल्या गोळीमागे असा आधार उभा राहत नाही.

मग फॉर्मवर नेमकं काय लिहायचं? गोळी कशासाठी आहे एवढं पुरत नाही, "पित्ताची", "झोपेची", "बीपीची" यातून लॅबला काही कळत नाही. पाकिटाच्या मागचं मूळ औषधाचं नाव, डोस, किती दिवसांपासून आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे चार तपशील लिहायचे. जोडगोळी असेल तर दोन्ही नावं. गेल्या महिन्यात बंद झालेली गोळीसुद्धा लिहायची, कारण अर्धायुष्याचं गणित आपण आत्ताच बघितलं. आणि हे शक्यतो तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं, चिठ्ठी दाखवून. कुठल्या आजारासाठी गोळी आहे हे रांगेतल्या सगळ्यांना किंवा भरती करणाऱ्या एजंटला ऐकवायची गरज नाही.

लोक लिहीत का नाहीत, हेही खरं आहे. "डोक्याची गोळी" म्हटलं की नोकरी जाईल ही भीती. ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जाहीर केलं म्हणजे काम मिळेलच अशी हमी नाही, आणि याला कारणही आहे. चिठ्ठी असली तरी गोळीची गुंगी कमी होत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्त्रियांसाठी झोल्पिडेमचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. १० मिलिग्रॅमची साधी गोळी घेतल्यावर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या आणि ३ टक्के पुरुषांच्या रक्तात गाडी चालवण्यात अडथळा आणू शकेल इतकं औषध होतं. इथं मोजलं होतं रक्त, लघवी नव्हे. फोर्कलिफ्ट, क्रेन, उंचावरचं काम असेल तर डॉक्टरांना हा प्रश्न विचारावाच लागतो. उत्तर कधी "गोळीची वेळ बदला" असं असतं, कधी "महिनाभर रात्रपाळी नको", कधी "हे काम नको, दुसरं द्या". हे सगळे पर्याय माहिती असेल तरच उघडतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. मेडिकल आहे म्हणून बरेच दिवस चालू असलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. सवय झालेल्या शरीरात अशाने झोप उडते, थरथर सुटते, आणि काहींना फिट येते. बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू कमी करत.

नियम कुठे आहेत, कुठे नाहीत

कुठल्या चाचणीत काय शोधतात हे क्षेत्राप्रमाणे बदलतं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या चालकांसाठीच्या पाच गटांच्या चाचणीत बेंझोडायझेपिन नाहीच. आपल्याकडे विमान वाहतुकीत आहे. डीजीसीएने २०२१ मध्ये काढलेले आणि ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले नियम सहा गट तपासायला सांगतात: अ‍ॅम्फेटामिन, अफूजन्य पदार्थ, गांजा, कोकेन, बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपिन. त्यात वैमानिक, केबिन क्रू, हवाई वाहतूक नियंत्रक येतात. तिथली भाषा लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या चाचणीच्या निकालाला ते "नॉन-निगेटिव्ह" म्हणतात. माणसाला तेवढ्यापुरतं कामावरून बाजूला ठेवतात आणि नमुना पुष्टी चाचणीला जातो. चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत मात्र पट्टी कुठली वापरायची आणि पुष्टी करायची की नाही, हे पुष्कळदा कंपनीचं धोरण आणि तिने नेमलेलं क्लिनिक ठरवतं. भावाच्या हातात जो कागद दिला त्यावर सरळ "पॉझिटिव्ह" लिहिलेलं होतं. पुष्टी चाचणी व्हावी हे आम्हाला लेखी मागावं लागलं. मागितल्यावर मिळाली, हेही नोंदवते.

पेपर वाचताना

तुम्ही उद्या या विषयावरचा शोधनिबंध उघडाल आणि त्यात "डिटेक्शन विंडो ७ दिवस" असं वाचाल, तेव्हा चार गोष्टी शोधा. डोस एकदाच दिला होता की रोज? मोजला तो मूळ रेणू की त्याचं रूपांतर? नमुन्यात ग्लुकुरोनाइडचा जोड आधी तोडला होता का? आणि कट-ऑफ किती होता? ही चार उत्तरं नसतील तर "७ दिवस" हा आकडा दुसऱ्या कुठल्याही माणसाला लावता येत नाही. असे पुष्कळ अभ्यास मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना एकच डोस देऊन केलेले असतात. आठ आठवडे रोज तीन गोळ्या घेणारा माझा भाऊ त्यांत कुठेच बसत नाही.

जाता जाता: काकूंनी आता त्या कॅरीबॅगेत एक वही ठेवली आहे. घरात कुणालाही नवी गोळी आली की पाकिटाच्या मागचं नाव तिच्यात उतरवायचं आणि तारीख टाकायची, हे काम भावाकडे आहे. पहिल्या पानावर त्याने स्वतःचंच नाव लिहिलंय, आणि पुढे "क्लोरडायझेपॉक्साइड", तीनदा खोडून शेवटी बरोबर.